हैसमचं मीटर

...नाही, पण मला सांगा, माणसानं वीज वाचवायची म्हणजे आणखी किती वाचवायची? तुम्हाला सांगतो, आमच्या अम्मानमधल्या त्या इमारतीत हैसम आणि कुतैबा एका घरात भाड्यानं राहायचे. हैसम औषधाच्या दुकानात, कुतैबा शाळेत मास्तर. त्यांनी गीझर बंद केला, पंखा बंद केला, शेवटी फ्रिजसुद्धा! लबने, म्हणजे तिकडचा दह्याचा चक्का, आंबलं म्हणून फेकून दिलं, फोन दुकानात चार्ज केले... आणि बिल? वाढलंच!

घरमालक अबू नझमी महिन्याच्या महिन्याला बिल घेऊन दारात. "पोरांनो, राजवाडा आहे काय हा? जरा हात आखडा!" हैसम रडकुंडीला. आईला पाठवायचे दिनार बिलात गेले हो! रात्रंदिवस दोघं एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. "तू चोरून इस्त्री करतोस!" "मी? माझा शर्ट बघ आधी!" आणि बिल? वाढलंच!

शेवटी कुतैबा बिल घेऊन जिन्याखाली, मीटरच्या पेटीशी. हैसम वर, कानाला फोन.

"मेन स्विच पाड!"

"पाडला! दिव्यांसकट सगळं मेलं."

"अरे, आपल्या बिलावरच्या नंबराचं मीटर बघतोय मी. त्याचा लाल दिवा लुकलुकतोय. धावतोय नुसता! आणि शेजारचं... शेजारचं थांबलं रे!"

"पुन्हा लावू?"

"लाव... शेजारचं लुकलुकलं! हैसम, आपण अकरा महिने मुहन्नदचं बिल भरलंय!"

मुहन्नद म्हणजे शेजारचा, अबू नझमीचा मेहुणा. दोन एसी, वर विजेची शेगडी. ऊन वाढलं की हे दोघं पंखा बंद ठेवून घाम गाळणार, तो एसी वाढवणार... आणि वापर वाढला की पुढच्या युनिटांचा दर चढाच. मग बिल? वाढणारच की!

अबू नझमीनं कपाळाला हात लावला. "रंगकाम केलं ना, तेव्हा मीटरांवरच्या घरनंबराच्या पट्ट्या निघाल्या होत्या. मीच चिकटवल्या. अंदाजानं."

"अंदाजानं?" हैसम ओरडला. "मग आमची खरी बिलं कुठं गेली?"

"पट्टी बघून मुहन्नदला देत होतो."

मुहन्नदनं कपाटाचा खण उघडला. अकराच्या अकरा! बंद पाकिटात! "मला वाटलं, मेहुणे भरतायत," म्हणाला.

"पैसे देतो रे पोरांनो, भाड्यात वळते करतो..." म्हणत अबू नझमीनं त्याच संध्याकाळी पट्ट्या बदलल्या, दोनदा दाबून. हैसमनं पंखा लावला. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा! डोळे मिटून बसला बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज कंपनीचा माणूस आला. अकरा महिन्यांची थकबाकी असलेल्या मीटरची वीज तोडायचा हुकूम घेऊन. हैसम जिन्यावरून ओरडत धावला, "अहो, आम्ही भरलंय हो, भरलंय, पण दुसऱ्याचं!" त्या माणसानं कागद पाहिला, मीटर पाहिलं, घरनंबराची नवी पट्टी पाहिली.

"यात काही चूक नाही भाऊ," तो म्हणाला, "हे अगदी तुमचंच आहे," आणि तार काढली.