फाटकापाशी अडकलेलं गाणं

(शाळेचं फाटक, सकाळची वेळ. फाटकावरच्या मावशींच्या एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात घंटेची हातोडी. समोर बँडच्या पोशाखातले बाबा आणि त्यांची लेक ढमी.)

मावशी: अहो, पण गाणं संपलं की जाईल ना ती आत?

बाबा: ती आत गेली की संपेल ना गाणं.

मावशी: हे बघा, तुम्ही मला चक्कर आणू नका. सकाळपासून तीन पोरं उचलून आत टाकलीत, एक चावलंय. हिला काय झालंय? रडत नाही, ओरडत नाही, नुसती खांबासारखी उभी!

ढमी: मी गाणं ऐकतेय.

मावशी: आत जाऊन ऐक.

ढमी: अर्ध्या गाण्यातून उठायचं नसतं. वाजवणाऱ्याचा अपमान होतो. बाबांनीच सांगितलंय.

बाबा: सांगितलंय खरं. पाळण्यात होती तेव्हापासून सांगतोय.

मावशी: मग संपवा की तुम्ही! तोंड तुमचंच आहे ना?

बाबा: तसं नाही करता येत, मावशी. आमच्या धंद्यात एकच नियम आहे. ज्याची मिरवणूक, तो दाराच्या आत गेल्याशिवाय गाणं थांबवायचं नाही. भर रस्त्यात बँड गप्प झाला तर अपशकुन. एकदा वरातीत घराच्या दाराची किल्ली हरवली होती, तर आम्ही कुलूपवाला येईपर्यंत एकच गाणं वाजवत होतो. ओठ सुजले, पण थांबलो नाही.

मावशी: म्हणजे ती तुमच्यासाठी थांबलीय, आणि तुम्ही तिच्यासाठी?

ढमी: हो.

मावशी: धन्य आहे! हिची आई कुठंय?

बाबा: कामावर गेली. म्हणाली, बाजा घरी ठेवा आणि पोरीला नुसतं सोडून या. बाजा ठेवला घरी.

मावशी: शहाणी बाई. आणि हा पोशाख? सोनेरी झालरी, पिसाची टोपी?

बाबा: लोकांच्या पोरांसाठी रोज घालतो. माझ्या लेकीचा पहिला दिवस, आणि मी काय बनियनवर येऊ?

ढमी: बाबा, थांबू नका. अपशकुन होईल.

बाबा: हो हो. “आज निघाली आमची ढमी, शाळेला हो शाळेला! नवे कोरे बूट पायी, फीत पिवळी वेणीला! निळी निळी बाटली हाती, उघडेल का हो झाकण तिला?”

मावशी: चाल बरी आहे.

बाबा: स्वतः बांधलीय. दोन रात्री जागलो. “आज निघाली आमची ढमी...”

मावशी: आता कुठे संपत होतं ना? परत पहिल्यापासून का?

बाबा: संपत नव्हतं हो. “उघडेल का” म्हटलं की प्रश्न झाला. प्रश्नाचा सूर वर जातो आणि तिथेच लटकून राहतो. त्याला खाली आणायला परत मुखडा गावा लागतो. मुखडा झाला की पुढचा अंतरा. “डब्याची ती कडी घट्ट, निघेल का हो कडी तिला?” झालं, परत वर!

मावशी: सगळेच अंतरे असे?

बाबा: “शेजारी जो बसेल कोणी, चिमटा घेईल का तिला?” “बाईंचा जर चढला आवाज, आठवेन का मी तिला?”

मावशी: अहो, हे गाणं आहे की पोलिसांची चौकशी?

बाबा: बसलो होतो कौतुकाचं गाणं करायला. मुखडा कौतुकाचाच आहे बघा, बूट काय, फीत काय. पण पुढे पेन टेकवलं की काळजीच येते. मी काय करू?

ढमी: मला आवडतं. खूप मोठं आहे.

मावशी: तुला आवडेलच गं. मागे वळून बघा जरा बँडवाले. पोस्टाच्या पेटीपर्यंत रांग गेलीय. पोरांना वाटतंय शाळेची मिरवणूक निघालीय, एकही आत जायला तयार नाही. तो टाय लावलेला बाप बघा, नाचतोय!

बाबा: ठेका चांगला धरलाय त्याने.

मावशी: घंटेची वेळ झालीय. घंटा दिली की मी फाटक लावणार, मग राहा सगळे बाहेर! पहिल्याच दिवशी पोरगी घरी परत नेणार आहात का?

बाबा: नका हो असं बोलू. तिने महिनाभर दप्तर पाठीवर घेऊन झोपायचा हट्ट केलाय. शाळा चुकली तर... मावशी, मला खरंच शेवट सापडत नाहीये. रात्रीपण सापडला नाही. मी म्हटलं, फाटकापाशी आपोआप येईल.

मावशी: अहो, डोळे पुसा. झालरी ओल्या होतायत. मला सांगा, हा लटकलेला सूर खाली आणायला मुखडाच लागतो का? दुसरं काही चालत नाही?

बाबा: उत्तर चालेल. प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं की सूर पायरीपायरीने उतरतो. पण उत्तर मला कुठून माहीत असणार?

मावशी: जिला माहीत आहे तिला विचारलंत का?

बाबा: ढमे... बाटलीचं झाकण उघडतं तुला?

ढमी: हो. हे बघा.

बाबा: अगं, सांडशील! आण इकडे, मी नीट लावतो. कधी शिकलीस?

ढमी: केव्हाच. तुम्ही बाजा वाजवत असता तेव्हा मला तहान लागते.

मावशी: घ्या, मिळालं उत्तर. लावा चालीला.

बाबा: “उघडतं मला.” जुळतंय की हो! शाळेला, वेणीला, मला. आता तिहाई घेतो. म्हणजे हेच तीनदा म्हणायचं, आणि तिसऱ्या वेळचा “ला” बरोबर समेवर, पहिल्या ठोक्यावर टेकवायचा. तिथे गाणं असं बसतं की पुढे कुणाला काही म्हणावंसं वाटत नाही.

मावशी: आणि ही आत कधी जायची? आधी की नंतर? नाहीतर परत तुमचं तेच.

बाबा: आधीही नाही, नंतरही नाही. प्रत्येक “ला”ला एक पाऊल. तिसरं पाऊल फाटकाच्या आत. गाणं आणि पोरगी एकदमच पोचतील.

ढमी: मग कुणाचाच अपमान नाही.

बाबा: कुणाचाच नाही, बाळा. फक्त समेवर एक दणका हवा. माझा ढोलवाला आज सुट्टीवर आहे.

मावशी: ही हातोडी काय मी खाज सुटली म्हणून धरलीय? घंटा मीच देणार आहे. कधी मारायची तेवढी खूण करा.

बाबा: मान हलवतो. ढमे, तयार? “निळी निळी बाटली हाती, उघडेल का हो झाकण तिला?”

ढमी: “उघडतं मला!”

बाबा: एक पाऊल. मोठ्याने!

ढमी: “उघडतं मला!”

बाबा: मावशी, आता!

ढमी: “उघडतं मला!”

मावशी: ठण्ण! या, या, मागचेही या! ढकलाढकली नको! टायवाले, तुम्ही नाही, तुम्ही बाहेर! झालं एकदाचं. लावलं फाटक.

बाबा: समेवर पडलं ना?

मावशी: अगदी. माझ्या हाताला अजून झिणझिण्या आहेत.

बाबा: मागे वळून बघितलं का तिने?

मावशी: नाही.

बाबा: छान. छानच झालं.

मावशी: आता घरी जाताना काय गाणार?

बाबा: जाताना आम्ही काही वाजवत नाही. मिरवणूक आत गेली की बँडवाल्याकडे कोण बघतंय? वाद्य काखेत मारायचं आणि चालू लागायचं.

मावशी: ते काखेत काय आहे तुमच्या?

बाबा: कुठे? अरे देवा! बाटली राहिली तिची!

मावशी: आणा इकडे. वर्गात नेऊन देते.

बाबा: मावशी, बाटलीचं झाकण जरा...

मावशी: उघडतं तिला.

बाबा: हो. उघडतं तिला.