बस्त्याच्या दुकानात वैजनाथ हसला

…न्हाई, पण मी म्हणतो, माणसानं गप बसायला पैसे पडतात का? न्हाई ना? मग कुरुंद्याच्या वैजनाथला गप बसायला काहून जमंना? तुम्हाला सांगतो, पोरगं वाईट न्हाई. घरची हळद, ती शिजवायचा मोठा कुकर सोता चालवतो, सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई. पण तोंड एकदा उघडलं की बंद कवा करायचं हे त्याला कुणी शिकवलंच न्हाई.

झालं काय, त्याची सोयरीक जमली आखाडा बाळापूरच्या प्रतिक्षाशी. पोरगी औषधाच्या दुकानात कामाला, हुशार, रंगानं सावळी. आई लहानपणीच गेलेली. बाप तातेराव, अन् घरात सगळा कारभार आत्याचा, द्वारकाबाईचा. आत्या म्हणजे… मी काय बोलत न्हाई. ह्या गोष्टीत आत्याबद्दल जो बोलला तो फसला.

तर दोन्ही घरचे मिळून बस्त्याला वसमतला गेले. दोन जीपा भरून माणसं. दुकानात पांढऱ्या गादीवर सगळे पसरले, चहा आला, दुकानदार साड्या उलगडून फेकून राहिला, फेकून राहिला, अन् प्रतिक्षानं एका पिवळ्याधमक साडीवर हात ठेवला. आवडली तिला. पदर खांद्यावर घेऊन आरशात बघू लागली, तेवढ्यात आत्या म्हणते कशी, "ठेव ती. पिवळं गोऱ्या पोरीचं काम. तू नेसलीस तर हळदीच्या ढिगावर म्हैस बसल्यावानी दिसशील."

सगळी गादी हसली. दुकानदार हसला. तातेराव बशीतला चहा फुंकत बसले. आत्याला आणखी जोर चढला, वैजनाथच्या आईकडं वळून म्हणाली, "ह्या रंगाची पोरगी तुमी पसंत केली, उपकारच म्हणायचे तुमचे."

अन् वैजनाथ? वैजनाथ बी हसला. मोठ्यानं न्हाई, हॅ हॅ असं, पावण्याच्या घरी पाणी पुढं आल्यावर माणूस हसतं तसं. पण हसला. प्रतिक्षानं आरशातून त्याला हसताना पाह्यलं. साडीची घडी घातली अन् म्हणाली, "तुमाला बरी वाटल ती घ्या."

आता तुम्हीच सांगा, इथवर निस्तरता आलं असतं का न्हाई? गप बसायचं व्हतं. पण न्हाई. गाडी घरी पोचते न पोचते तोच ह्यानं फोन लावला. पोरगी रडून राहिली व्हती. म्हणाली, "माझ्याच माणसायनं असं करावं का हो, तुमच्या सगळ्यायसमोर?" अन् हा शहाणा काय बोलला? "अगं, तुझी आत्या तसलीच. जिभेला हाड न्हाई त्या बाईच्या. माणसात न्यायच्या लायकीची न्हाई. लग्न होऊ दे, मग उंबऱ्याला बी उभी करत न्हाई मी तिला." त्याला वाटलं, आपण तिची बाजू घेतली. छाती फुगवून थांबला. आता ती म्हणल, तुमीच माझे.

पलीकडचं रडणं थांबलं. पण कसं थांबलं? मोटारीची लाइट गेल्यावर पाणी थांबतं तसं.

"माही माय गेली तवा मी दीड वर्षाची व्हते," प्रतिक्षा म्हणाली. "आत्यानं मला पदराखाली घेतलं. तिच्याशी मी भांडन, तिच्यावर मी रडन. तुमी न्हाई बोलायचं." मग म्हणाली, "आन हसले तर तुमी बी."

फोन कट. दोन दिवस उचलला न्हाई. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "तारीख पुढं ढकलायची का, इचार करा."

तरी ह्याला उमजंना की आपलं चुकलं कुठं. बाजू तर घेतली! मग एक दिवस कुकरवर काय झालं, वाफ जास्त झाली, हळद मऊ पडली, अन् त्याच्या बापानं, रामप्रसादनं, सगळ्या गड्यायसमोर त्याला झापलं, "अक्कल गहाण ठेवली का?" वैजनाथचं तोंड एवढंसं झालं. बाप पाठमोरा झाला तसा हरिचंद गडी जवळ येऊन मायेनं म्हणाला, "जाऊ द्या मालक, तुमचा बाप हायेच खडूस, म्हाताऱ्याला माणसाची किंमत न्हाई." अन् काय सांगू, वैजनाथला बापाचा आला नव्हता एवढा राग हरिचंदचा आला. "माझ्या बापाला बोलायचं काम न्हाई तुझं," असं म्हणला, अन् म्हणता म्हणता हातातलं फावडं खाली ठेवून तिथंच बसला. कान लाल. हळदीच्या वाफेनं न्हाई. आपण हसलो ते झाकायला आपण आत्याला शिव्या दिल्या, हे त्याला तवा दिसलं. आत्यावर सगळं ढकललं की आपलं हॅ हॅ कुणाला ऐकू येत न्हाई. अशी लाज वाटली म्हणता, वाटलं जमीन फाटंल तर बरं.

गाडी काढली अन् थेट बाळापूर. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक. हा रांगेत उभा. एकाला खोकल्याचं, एकाला तापाचं, मग ह्याचा नंबर. प्रतिक्षा म्हणते, "काय पाह्यजे?"

"मी हसलो," वैजनाथ म्हणाला. "ते चुकलं. नंतर तुझ्या आत्याला बोललो, ते बी चुकलं." अन् पुढं 'पण' येत व्हता जिभेवर, तो गिळला. मागच्या म्हाताऱ्यानं इचारलं, "पोटऱ्या दुखण्याची गोळी हाय का?" प्रतिक्षानं त्याला गोळ्या दिल्या, मग वैजनाथला हळूच बाकाकडं बोट केलं.

बसला. गिऱ्हाईक पांगलं तवा त्यानं इचारलं, "सगळ्यात जास्त काय लागलं तुला?"

"म्हैस न्हाई," ती म्हणाली. "घरात ती रोजच काही तरी म्हणते. उपकार म्हणाली ना, ते. मी तुमच्या घरी उपकारावर येऊन राहिले का?"

आता बघा, इथं ह्याच्या तोंडात चार वाक्यं तयार. आत्याचा सोभावच तसा, मनाला लावून घेऊ नको, माझ्या मनात काही न्हाई, तू तर मला आवडतेस. सगळी गिळली. नुसतं म्हणाला, "लागणारच गं." अन् गप बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

ती बराच वेळ रडली. मग सोताच म्हणाली, "तिला भेव वाटतं, लग्नानंतर तुमच्या घरचे रंगावरून बोलतील. म्हणून ती आधीच बोलून मोकळी होते." वैजनाथनं ह्याच्यावर व्हय बी म्हणलं न्हाई अन् न्हाई बी. तिची आत्या, तिचा हिशोब.

"मी बोलू का आत्याशी?"

"तुमी नका. मी बोलन. तुमच्या घरी तेवढं सांगा, उपकार न्हाई म्हणून."

तसंच झालं. ह्यानं सांजच्याला आईला सांगितलं, आईनं आत्याला फोन करून सांगितलं, "पोरगी आमाला आवडली म्हणून केली, बाई." प्रतिक्षा आत्याशी बोलली. आत्या म्हणाली, "मी असं म्हणले? मला तर आठवत बी न्हाई," अन् मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसली. माफी बिफी काही न्हाई. तारीख तेवढी जागेवर राहिली.

आता आत्या सगळ्या बाळापुरात सांगत फिरते, "आमचे जावई लई गुणाचे, कुणाबद्दल वाकडा शब्द न्हाई त्यायच्या तोंडात." तिनं हे पहिल्यांदा म्हणलं तवा वैजनाथ तिच्याच घरी मान खाली घालून पोहे खात व्हता. प्रतिक्षा पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आली अन् हळूच म्हणाली, "तुमी फोनवर काय बोलले ते मी आत्याला सांगितलं न्हाई. सांगणार बी न्हाई." वैजनाथनं सुस्कारा सोडला. "पण इसरणार बी न्हाई," ती म्हणाली, अन् वर आणखी एक चमचा पोहे वाढून गेली. ते त्यानं गपचूप खाल्ले.