ठेवून घ्या

मुलगी : थांबा बाबा, सही नका करू. या तक्त्यात शेवटच्या आठ महिन्यांचं व्याज चुकलंय.

सावकार : कन्या शिकलेली दिसते. कुठे चुकलंय, दाखव.

मुलगी : कर्ज दोन लाख. दरमहा दीड टक्का, उरलेल्या मुद्दलावर. म्हणजे तीन हजार. पहिले चार महिने बरोबर आहेत. पाचव्याच्या पहिल्या तारखेला बाबांनी पन्नास हजार भरले. उरले दीड लाख. त्यावर सव्वादोन हजार व्हायला हवेत, तुम्ही तीनच लावलेत.

सावकार : ते पन्नास मुद्दलात नाहीतच. वाच, 'अनामत'.

मुलगी : अनामत कुणी सांगितली?

सावकार : तुझ्या वडिलांनीच. 'हे ठेवून घ्या' म्हणाले. हिशेबनीसाने ठेव म्हणून लिहिलं.

बाबा : अहो, आपण बोलतो तसं... ठेवून घ्या म्हणजे घ्या. कर्जातच ना!

मुलगी : आमचेच पन्नास हजार तुमच्याकडे बिनव्याजी पडून, आणि त्याच पन्नासावर आम्ही दीड टक्का भरतोय. महिन्याला साडेसातशे, आठ महिन्यांचे सहा हजार. ते मुद्दलातून वजा करा. बाकी एक लाख चव्वेचाळीस. जादा भरलेल्यावरचं व्याज तर मी धरलंच नाही.

बाबा : हळू बोल गं. समोरचा टेलर कान लावून बसलाय.

सावकार : बोलू दे. हिशेब बरोबर आहे तिचा, मी नाही म्हणत नाही. दुरुस्त करून देतो.

मुलगी : झालं तर मग.

सावकार : झालं कुठे? कर्जाचं वर्ष आज संपलं. पुढचं वर्ष द्यायचं की नाही, ते माझ्या मनावर. दुरुस्त तक्ता हवा असेल तर तो घ्या, आणि एक लाख चव्वेचाळीस आठवड्यात आणून द्या. नाहीतर या तक्त्याखाली 'हिशेब मान्य' लिहून सही करा, चालू राहील.

मुलगी : चूक तुमची आणि दंड आमच्या बाबांना?

सावकार : दंड कसला? मी फक्त माझे पैसे मागतोय.

बाबा : आठवड्यात कुठून आणू? सगळं या फळ्यांवर आहे. डबे, साबण, वह्या. विकायला काढलं तर निम्म्या किमतीलाही जाणार नाही.

मुलगी : बाबा, सही केलीत तर पुन्हा दोन लाखांवरच व्याज. चुकीचा हिशेब आपणच मान्य केला असं होईल.

बाबा : कळतं मला.

मुलगी : मग?

बाबा : उद्या दुकान उघडायचंय, हेही कळतं.

(त्यांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. आज लेक त्यावरून हसली नाही.)

बाबा : कुठे करायची सही?

सावकार : इथे, खाली.

मुलगी : बाबा.

बाबा : तू गिऱ्हाईक बघ जा.

मुलगी : कुणी नाहीये.

बाबा : तरी बघ.