कडी आतल्या बाजूला

—नाही नाही, सुतारदादा, हात थांबवू नका, ठोकत राहा तुम्ही. बोलता बोलता ठोका. आवाज थांबला ना, की वन्सं खालून विचारतात, झालं का काम, आणि झालं म्हटलं की वर येतात. गुडघे दुखतात म्हणायचं आणि जिना मात्र तरातरा चढायचा! ह्यांच्या थोरल्या बहीण त्या. कान असे तिखट की मी वर उसासा टाकला तर खाली कळतो. पण हातोडीच्या आवाजात माझं बोलणं जात नाही खाली, मघाशी बघून ठेवलंय मी. हं, ठोका.

तर काय सांगत होते — ही खोली लेकीची. मीही हल्ली इथंच झोपते, तिला रात्री भीती वाटते म्हणून. म्हणजे — मलाही वाटते, पण ते असू दे. ती जुनी भोकं दिसतायत ना आतल्या बाजूला, तिथं होती कडी. छोटी पितळी. ह्यांनी काढली. स्वतः पेचकस घेऊन बसले, चहा तसाच ठेवला, आधी कडी मग चहा. का म्हणाल तर पोर कपडे बदलत होती आणि दार लावलेलं होतं, आणि ह्यांनी हाक मारल्यावर तिला उघडायला जरा वेळ लागला. बस. एवढंच. बाहेर आली तर म्हणाले, ‘घरातल्या घरात जो दार लावतो, तो काहीतरी लपवत असतो.’ ओरडले नाहीत हो. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस थोड्या वेळानं दमतो तरी. हे हळू बोलतात.

तेव्हापासून पोर कपडे बदलते आणि मी दाराला पाठ लावून उभी राहते. पंधरा वर्षांची आहे हो ती. हे कधीही येतात, दार ढकलतात, मध्ये उभे राहतात, जातात. — हा हात? काही नाही, दारात सापडला. त्यांनी ढकललं आणि मी तिकडून धरलं होतं, चूक माझीच. ठोका ना तुम्ही.

मग मी काय केलं? वाद घातला. मी! लग्नाला इतकी वर्षं झाली, भाजीत मीठ कमी म्हटलं तरी मी हो म्हणणारी. म्हटलं, असं असेल तर मग खालचं मोठं दारही सताड उघडं टाकू या, आपल्याला कुठं काय लपवायचंय? वाटलं, आता कसे सापडले! तर म्हणाले, ‘बाहेर चोर असतात. मी घरातल्या घरात म्हणालो.’ आणि खरंच हो, तसंच म्हणाले होते. जे ते बोललेच नव्हते त्याच्यावर मी धपाटे घालत बसले होते. तोंडघशी पडले अगदी.

लेकीनं सांगितलं मग, रात्री, पांघरुणात तोंड घालून. म्हणे आई, गणितात आम्हाला असंच शिकवतात. एखादं म्हणणं खोटं पाडायचं असेल ना, तर आधी ते खरं धरायचं. भांडायचं नाही त्याच्याशी. खरं धरायचं, शब्द न् शब्द, आणि मग त्याचं बोट धरून चालत जायचं — वाटेत आपल्या पदरचं काही घालायचं नाही, घातलं की समोरचा तिथूनच निसटतो — आणि चालत चालत अशा जागी पोचायचं की तिथं त्याला स्वतःलाच उभं राहता येणार नाही. मग तो आपणहून मागे फिरतो. मागे फिरला की निघाला तिथंच चुकलेला होता हे ठरलं. मी म्हटलं, बाई, हे तुम्ही आकड्यांशी करता, आकडे उलटून बोलत नाहीत. हसली. कित्येक दिवसांनी हसली.

केलं मी तसं. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, बरं, मानलं तुमचं. घरातल्या घरात जो दार लावतो तो लपवतो. बाथरूमपण घरातच आहे, तिथंही सगळे दार लावतात, म्हणजे आंघोळीला जाणारा प्रत्येक जण काहीतरी लपवतोय, काढा तिथलीही कडी. वाटलं, आता तरी म्हणतील, छे, भलतंच काय! तर उठले. पेचकस आणला. ‘बरोबर बोललीस,’ म्हणाले, आणि काढली. तेव्हापासून आम्ही दोघी दाराला भरलेली बादली लावून आंघोळ करतो. पोर रडली, म्हणाली, आई, जागा चुकली. तुला उभं राहता येत नाही अशा जागी नेलंस त्यांना, त्यांना काय त्याचं? त्यांना नाही उभं राहता येत अशी जागा शोध.

— तुम्ही बाहेरच का उभे? आत या ना, चपला असू देत. भोकं आतल्या बाजूला आहेत. — बरं, आधी चौकट बघताय होय. बघा.

तर, जागा शोधली. त्यांच्या टेबलाचा खण. किल्ली कायम ह्यांच्या खिशात, झोपताना उशाखाली. काय आहे त्यात, मला माहीत नाही. शपथ घेऊन सांगते, दादा, आजही माहीत नाही. काल जेवताना मी वन्संसमोर बोलले. वन्सं असल्या की जरा बरं, त्यांना भावाचं सगळं पटतं, पण ऐकायला कुणीतरी असतं. म्हटलं, मी तुमचं मानलंय, मनापासून. घरातल्या घरात जो बंद करून ठेवतो, तो लपवतो. ‘हो,’ म्हणाले. म्हटलं, दारच नाही, काहीही बंद केलं तरी? ‘काहीही,’ म्हणाले. पोळी तोडत होते. म्हटलं, नक्की ना? कारण हे त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, माझ्या पदरचं नाही. ‘एकदा सांगितलं,’ म्हणाले. मग म्हटलं, तुमचा खण घरातल्या घरात आहे, आणि त्याला कुलूप आहे.

एवढंच बोलले. पुढचं बोललेच नाही, पुढचं त्यांचं त्यांनाच दिसलं. एकतर म्हणायचं, हो, मी लपवतोय. नाहीतर म्हणायचं, कुलूप लावणारा लपवतोच असं काही नाही, त्याला दुसरी कारणं असतात. म्हणालेही तसंच — ‘त्यात गोदामाचे कागद आहेत.’ गोदाम सांभाळतात ना हे. मी म्हटलं, असतील ना. म्हणजे चांगल्या कारणासाठीही बंद करतात माणसं. मग पोरीलाही कारण असेल. वन्संचा घास हातात राहिला. तिसरी वाट नव्हतीच, दादा. मी सगळीकडून बघितलं होतं, दिवसभर भांडी घासताना तेच बघत होते.

आणि त्यांचा चेहरा — पांढराफटक. मला वाटलं होतं रागानं लाल होतील. पांढरे का झाले? मला खणाचं काय करायचं होतं, मला कडी हवी होती. पण त्यांना वाटलं मला ठाऊक आहे. काय ठाऊक आहे? मला काही ठाऊक नाही! हे त्यांना कसं सांगू? सांगितलं तर आणखीच वाटेल.

मग हसले. हात धुऊन आले आणि हसत म्हणाले, ‘हरलो बुवा. उद्या सुतार पाठवतो, चांगली भक्कम कडी लावून घे.’ रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. जिंकले ना मी? मग झोप का नाही? पहाटे कळलं — मी त्यांचं म्हणणं खोटं पाडलं, म्हणणंच फक्त. म्हणणं गेलं, माणूस तिथंच आहे. आता ते म्हणणं सोडून काय धरतील ते मला कुठं माहीतेय? सकाळी माझा फोन घेऊन गेले, दुरुस्त करून आणतो म्हणे. चांगला चालत होता. आणि जाताना म्हणाले, पोरीला आज क्लासवरून मीच घेऊन येतो. कधी गेले नाहीत हो. क्लास कुठल्या गल्लीत आहे ते वन्संना विचारून घेतलं त्यांनी. मी म्हटलं, चला, सुधारतायत. म्हणायचं असतं ना असं.

बघू तरी कडी. — अगंबाई, एवढी जाड! गोदामाचीच दिसतेय. एका खोलीला एवढी कशाला? आणि हे भोक कसलं, शेवटाला? कुलपासाठी. हं. पिशवीत कुलूपही दिसतंय, नवंकोरं. तेही त्यांनीच दिलं?

थांबा. नाही, थांबू नका, ठोका, मी विचार करतेय. समजा ही कडी आतून लावायची. धरलं तसं. मग कुलूपही आतूनच लागणार. म्हणजे आम्ही दोघी आत बसायचं, आतून स्वतःला कुलूप घालायचं आणि किल्ली — किल्ल्या किती आहेत हो त्याला? — एकही नाही? त्यांच्याकडे? म्हणजे आतून कुलूप लावायचं आणि किल्ली बाहेरच्या माणसाच्या खिशात. असं कुणी करतं का? वेडंसुद्धा करणार नाही. मग चुकलं कुठं? निघाले तिथंच चुकलं. ‘आतून’ म्हटलं तिथंच.

म्हणून तुम्ही आत आला नाहीत. म्हणून मघापासून बाहेरून खुणा करताय. तुम्हाला माहीत होतं. — असू दे, बोलू नका, मान खाली घालू नका, तुमच्या पोटापाण्याचं आहे, मला कळतं. खिडकीला गज आहेत हेही तुम्ही बघितलंच असेल.

क्लास सुटायला अजून अवकाश आहे. ह्यांच्या आधी मला पोचायला हवं. तिला घेऊन सरळ माझ्या भावाकडे. मागच्या गॅलरीतून लोखंडी जिना उतरतो, कपडे वाळत घालते ना मी तिथं, वन्सं तिकडं फिरकत नाहीत. चपला हातातच घेते.

लावा तुम्ही कडी. बाहेरून लावा, सांगितलंय तशीच, मला काही म्हणायचं नाही. फक्त सावकाश लावा. मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत हातोडी थांबू देऊ नका. आवाज आहे तोवर मी इथं आहे.

माझ्याकडे बघू नका आता. ठोका.