फक्कीची रेघ

कवठे महांकाळच्या स्टँडावर एस.टी.ची वाट बघणाऱ्या लीलाबाईंच्या कानावर शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"कृष्णात, बावन सालचा उमेदवार आठवतोय? म्हणला, गाव उंचावर हाय, कालवा चढायचा न्हाई. शाळा तेवढी बांधतो."

"आन बांधली."

"सदुसष्टच्यानं मातूर माळावर कालव्याची रेघ म्हणून चुन्याची फक्की मारली. पाणी चढत न्हाई, हे इंजिनेरानं त्याला आदीच सांगितलं हुतं."

"तरी मारली?"

"मतं पडूस्तवर. काल पाझर तलावाची खरी मोजणी आली."

"मग?"

"फक्की बघितली आन गावानं दगडं उचलली. मोजणीचा सायब पळाला."

"फक्की कशाची, इचारलंबी न्हाई?"

"न्हाई."

"शाळंचा पाया आखायच्या येळला फक्कीचं पोतं आपुनच वाहिलं हुतं, गड्या."