आबांसाठी मूकपट

शाहूपुरीतल्या कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी स्नेहल आणि तिची आत्या बसल्या होत्या. आत स्नेहलच्या वडिलांची, आबांची, तपासणी चालली होती.

"दादा टीव्हीसमोरनं उठून जातोय म्हणं?" आत्यानं भावाबद्दल विचारलं.

"ऐकूच येत न्हाय, तर काय बघणार? म्हणून मूकपट लावला, आत्या. काळा-पांढरा."

"तुला तरी असलं आवडतंय व्हय?"

"न्हाय की. पयल्यांदा दोन तासांचा लावला. दहा मिनिटांत कंटाळून मी वेग वाढवला, तर माणसं पळत सुटली. आबा उठून गेलं. लई भीती वाटली, आता हेबी गेलं म्हणून."

"मग?"

"मग वीस मिनिटांचा विनोदी घेतला. स्वच्छ प्रत बघून घेतली, वेग हाय तसा ठेवला. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मागनं जोडलेलं संगीतबी बंद केलं, म्हंजे आबांना आन् मला सारखंच. मधी इंग्रजी अक्षरांची पाटी आली, की थांबवून मराठीत लिहून द्यायची."

"हसला का?"

"तिसऱ्या दिवशी. माझा हात धरून म्हणालं, लिहीत बसू नगं, पडद्यावरच्या त्या बाईचं तोंड बघ. तवा मलाबी पयल्यांदा गोडी लागली."

"आन् आज डॉक्टर कान सुधारणार न्हाय म्हणालं तर?"

"तेच इचारू नगंस, आत्या."

दार उघडलं. आबा बाहेर आले आणि मोठ्यानं बोलले, "डावा कान गेला म्हणत्यात. उजव्याला मशीन लावून बघायचं."

मग ते लेकीकडे वळले.

"स्नेहल, आज दोन तासांचा लाव. मला दम निघंल. तुला निघंल का?"