मोठ्या फोटोतला खिसा

हॅलो?… हो, बोल छोटे. अगं मी हॉलच्या बाजूच्या खोलीत आहे, फोटोंपाशीच… हो, आले सगळे. फ्रेमवाला आत्ताच देऊन गेला. तुझा पाय कसा आहे?… मग प्लास्टर असताना कोण सांगतंय तुला जिने उतरायला? बस गप घरी.

हो गं, सुंदर झालेत! सायकलवरचा आईचा फोटो तर… अगं त्यावर बुरशीचे केवढे डाग होते, कॉम्प्युटरवर एकूण एक पुसलेस. आणि चेहरा गुळगुळीत नाही केलास, बरं केलंस. कपाळावरची आठी आहे तशी आहे. तीच तर आपली आई.

हो, हो… अगं ऐक ना. मला तो मोठा फोटो विचारायचाय. स्टुडिओतला, दोघं शेजारी बसलेत तो. तीन फुटी… हो, मधली चीर गेलीय, कडांवरची ती चांदीसारखी चकाकीही गेलीय. पण मला एक सांग, बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?

खिसा गं! खिसा! आणि बटणंही उलटी. भांगसुद्धा भलत्याच बाजूला… हॅलो? आहेस ना?… 

मुद्दाम म्हणजे?

थांब, थांब. सगळाच फोटो उलटा नाही झालेला, आईची बाजू बरोबर आहे. तू एकट्या बाबांना उलटं केलंस?… का पण?

कसला उजेड?… हं… आईवर डावीकडून, बाबांवर उजवीकडून… मग दोन दिवे असतील त्या स्टुडिओत… नाकाच्या सावल्या? हो, कळतंय… आणि बाबांची मागच्या पडद्यावर सावलीच नाही?… आईची आहे. हं… दाणे? फोटोला कसले दाणे?… म्हणजे आईकडचे बारीक आणि बाबांकडचे जाडेभरडे… लहानसा फोटो खूप मोठा केला की तसं होतं. बरं… मग?

काय म्हणालीस?

जोडलाय?

अगं काहीतरीच काय! मूळ फोटोवरून मी स्वतः बोट फिरवलंय, कुठे कड लागत नाही… कापून चिकटवायचे, सांधा ब्रशनं रंगवायचे, आणि मग त्याचाच पुन्हा फोटो काढायचे… म्हणून कड लागत नाही. हं. आणि तो सांधा तुला कुठे दिसला?… बाबांच्या खांद्यापाशी.

म्हणजे बाबा तिथे नव्हतेच?

छोटे, तू हे मला आत्ता सांगतेस? माझ्या हातात त्यांच्या लग्नाच्या पन्नाशीचं भाषण आहे! लोक येऊन बसलेत!… कधीपासून माहीत होतं तुला?… आणि मला लिहू दिलंस? ऐक काय लिहिलंय मी, ऐक. 'फोटोवाला म्हणाला, जरा जवळ सरका, आणि बाबा इतक्या उत्साहानं सरकले की स्टूल पालथं झालं.' हे वाचू मी आता? माइकवर?

हो, बाबाच सांगतात, दर वेळी सांगतात! पाहुणे आले की सांगतात… आई? आई काय… आई उठून पाणी आणायला जाते.

अगं… खरंच की. दर वेळी उठते ती.

एक मिनिट, मला बसू दे.

फोटो लग्नाच्या पहिल्या वर्षीचा, म्हणजे… तेव्हा बाबा विजेचे मनोरे उभारायच्या कामावर होते ना? तिकडे, डोंगरात. वर्षभर सुट्टी नाही. आणि आई सासरी एकटी. मावशी म्हणाली होती एकदा, लोक काय वाट्टेल ते बोलायचे तेव्हा. नवऱ्यानं टाकली म्हणायचे… लोक कोण काय! आपली आत्या! पहिल्या रांगेत बसलीय ती, मधोमध.

म्हणून आईनं… हो. एकटीच गेली असेल स्टुडिओत. बाबांचा तो ओळखपत्रावरचा एवढासा फोटो घेऊन.

नको रडूस. तू रडलीस तर मीही रडेन, आणि मला बोलायचंय अजून… हो, कळलं तुझं. एवढा मोठा केल्यावर सावल्या कुणाच्याही डोळ्यांत आल्या असत्या, म्हणून झाकायला गेलीस. पण बाई माझे, झाकायला गेलीस आणि उघडं पाडलंस! बाबांना नाही कळणार, ते आरशात रोज हाच चेहरा बघतात. पण आई? पन्नास वर्षं समोर बसून जेवलीय ती त्यांच्या. बघताक्षणी ओळखेल.

मग काय करू? भिंतीकडे तोंड करून ठेवू? फ्रेम फुटली म्हणू?… तुझ्याकडे दुसरी प्रत आहे? न उलटवलेली?… डाग काढलेली, पण बाबा जसेच्या तसे. मग पाठव ना! इथे पडदा आहे मोठा… दिसू देत सावल्या! निदान माणूस तरी आपला… पाठव, आत्ता पाठव. मी त्या पडद्यावाल्या मुलीला…

थांब. कुणीतरी आलं.

आई! तू इथे कशाला आलीस? तू तिकडे खुर्चीवर बस, मी आलेच… कुणी नाही, छोटी आहे फोनवर… नाही, तो नको बघूस, तो अजून… आई…

छोटे, ती बघतेय.

चष्मा काढला. पुसतेय… जवळ गेली.

'भांग चुकलाय,' म्हणाली.

आई, अगं छोटीनं चुकून… हो. हो आई. आम्हाला कळलंय… दोघींनाही. आत्ताच. आई, कुणाला नाही कळणार, मी ती ओळच गाळते. आपण हा फोटोच…

काय?… हो गं छोटे, सांगते, थांब, ऐकू दे मला.

ती म्हणतेय, बाबांना माहीतच नव्हतं. सुट्टीवर घरी आले आणि भिंतीवर हा फोटो. खोली माणसांनी भरलेली. आत्यानं विचारलं, कधी रे काढलात? आणि बाबा एकदा फोटोकडे बघून हसले आणि ती स्टुलाची गोष्ट सांगायला लागले. तिथल्या तिथे. पहिल्यांदा.

नंतर? आई, नंतर काय बोललात दोघं?

काहीच नाही म्हणते. आजपर्यंत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही… अगं पन्नास वर्षं, छोटे!

आई, हे काय? माझ्या भाषणाचा कागद दे तो. आई, तू कशाला… अगं, समोर आत्या बसलीय… बरं. बरं, धर.

छोटे, आई निघाली. भाषण मी नाही, ती करणार म्हणते. मी काय अडवू तिला? कुणी अडवलंय कधी?… आला, आला तुझा फोटो. लावते. ताई, हा लावा पडद्यावर, हो, हाच… फोन चालू ठेव, मी दाराशी उभी आहे.

माइक घेतलाय. ऐकू येतंय तुला?… नाही? मी सांगते.

'तुम्ही सगळ्यांनी हा फोटो पाहिलाय'… हं… 'यातली मी खरी आहे. हे त्या दिवशी तिथे नव्हते.'

आत्यानं मान खाली घातली. 'लोकांची तोंडं बंद करायला मी हा करून घेतला. माझं खोटं यांनी आपल्या अंगावर घेतलं, आणि मी त्यांना साधं विचारलंही नाही, का म्हणून.'

तिचा आवाज… थांब. बाबा उठलेत.

काठी न घेताच उठलेत गं. कुणीतरी धरा त्यांना!… काहीतरी म्हणताहेत. मोठ्यानं. सगळ्यांकडे बघून.

'मी होतो,' म्हणताहेत.

आई म्हणतेय, अहो पुरे आता, सांगून टाकलं मी… ते ऐकतच नाहीयेत. पुन्हा तेच. 'मी होतो तिथे. हिच्या शेजारीच होतो.'

छोटे, आई हसतेय… नाही, रडतेय… मला दिसत नाहीये नीट. ठेवते गं. ठेवते.